रात्री दोनला जाग, घामाने भिजलेली उशी आणि झोपेसाठी घेतलेली वाईन

पत्र: डॉक्टर ताई, वय ५३. पाळी जाऊन अडीच वर्षं झाली. गरम वाफा तेव्हापासूनच आहेत, पण आता रात्री दोन-सव्वादोनला घामाने भिजून जाग येते आणि मग पाच वाजेपर्यंत छताकडे बघत पडते. झोप लागावी म्हणून गेलं वर्षभर रोज रात्री जेवताना दोन ग्लास वाईन घेते, त्याने पडल्या पडल्या झोप लागते हे खरं. मागच्या महिन्यात हाडांचा स्कॅन झाला, मणक्याचा टी-स्कोर उणे १.९ आला. तिथल्या डॉक्टरांनी ड्रिंक्सबद्दल विचारलं तेव्हा मी "कधीतरी" म्हणाले, खरं सांगायची लाज वाटली. वाईन म्हणजे काही दारू नाही असं मैत्रिणी म्हणतात. याचा आणि त्याचा काही संबंध असेल का? बंद केली तर झोपच लागणार नाही अशी भीती वाटते.

उत्तर:

संबंध आहे, आणि तुमच्या पत्रातली "दोन-सव्वादोन" ही वेळच मला सगळ्यात जास्त सांगून गेली. माझ्या ओपीडीत या वयाच्या बायका येतात तेव्हा मी आता आधी हेच विचारते की जाग किती वाजता येते आणि त्या रात्री शेवटचा घोट किती वाजता घेतला होता, कारण ही दोन उत्तरं शेजारी ठेवली की बऱ्याचदा कोडं तिथल्या तिथे सुटतं.

चला, तुमचाच हिशोब मांडून बघू. नेहमीच्या वाईनमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं. १५० मिलीचा एक ग्लास धरला तर त्यात जवळपास १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आलं, म्हणजे दोन ग्लासात २८. आता हे शरीराबाहेर घालवायचं काम मुख्यतः लिव्हरचं, आणि लिव्हरला घाई करता येत नाही, तुमच्या वयाच्या आणि साधारण ६० किलो वजनाच्या बाईचं लिव्हर तासाला ६-७ ग्रॅमच्या आसपास निपटवतं. थोडं इकडे-तिकडे होतं माणसागणिक. म्हणजे २८ ग्रॅम संपायला चार ते पाच तास. तुम्ही नऊ-सव्वानऊला जेवायला बसत असाल तर शेवटचा थेंब कधी संपतो? दीड-दोनच्या सुमारास. आणि बरोब्बर तेव्हाच तुमचे डोळे उघडतात.

हा योगायोग नाही हे समजायला अल्कोहोल मेंदूत काय करतं ते थोडं बघावं लागेल. मेंदूला शांत करणारी एक यंत्रणा असते आणि जागं ठेवणारी दुसरी असते. अल्कोहोल पहिलीला जोर देतं आणि दुसरीला दाबून ठेवतं, म्हणून पडल्या पडल्या झोप लागते, पहिले तीन-चार तास तर गाढ लागते, आणि तुम्हाला वाटतं की औषध लागू पडलं. पण दाबून ठेवलेली ती जागेपणाची यंत्रणा गप्प बसलेली नसते, ती त्या दाबाविरुद्ध जोर लावत असते, आणि अल्कोहोल उतरलं की दाब निघून जातो पण तिचा जोर तसाच राहतो. मग हृदयाचे ठोके वाढतात, अंगात एक प्रकारची बेचैनी येते, झोप उथळ होते. स्वप्नांची झोप, जी पहिल्या अर्ध्या रात्रीत दाबली गेली होती, ती उरलेल्या रात्रीत तुटक तुटक येते. वर अल्कोहोलमुळे लघवी जास्त तयार होते म्हणून बाथरूमसाठीही उठावं लागतं. म्हणजे वाईनने तुम्हाला झोप दिली नाही, पहिल्या निम्म्या रात्रीची झोप दाट केली आणि दुसऱ्या निम्म्या रात्रीची मोडली.

आणि हे सगळं विशीतल्या मुलीलाही होतं, फक्त ती कूस बदलून परत झोपते. तुम्ही झोपू शकत नाही, कारण तुमच्याकडे त्याच वेळी हॉट फ्लश, म्हणजे तुमची ती गरम वाफ, टपून बसलेला असतो.

आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो शरीराचा थर्मोस्टॅट. एरवी शरीराचं आतलं तापमान थोडंफार वरखाली झालं तर तो दुर्लक्ष करतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं, तिथल्या काही चेतापेशी गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होतात आणि ही दुर्लक्ष करायची जागा फारच अरुंद होते. अर्ध्या अंशापेक्षाही कमी तापमान वाढलं तरी थर्मोस्टॅट घाबरतो, कातडीखालच्या रक्तवाहिन्या एकदम उघडतो, घाम सोडतो, छाती धडधडते. काही मिनिटांत ते ओसरतं आणि मग कपडे ओले असल्यामुळे थंडी वाजते. हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही अडीच वर्षं भोगताय.

आता अल्कोहोल काय करतं? तेही कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतं, म्हणून पहिल्या ग्लासनंतर गाल आणि कान गरम होतात. ज्या थर्मोस्टॅटला आधीच काडीचाही धीर नाही त्याला हा एक धक्का संध्याकाळीच बसतो. दुसरा धक्का मध्यरात्रीनंतर, कारण रात्री शरीराचं तापमान ज्या लयीत उतरायला हवं त्या लयीत अल्कोहोल लुडबूड करतं, आणि ते उतरताना येणारी जी बेचैनी मी वर सांगितली त्यात घाम आणि धडधड असतेच. शिवाय उथळ झोपेत छोटासा फ्लशसुद्धा उठवतो, जो गाढ झोपेत कदाचित कळलाही नसता. म्हणजे फ्लशमुळे झोप मोडते आणि झोप आधीच मोडायला आल्यामुळे फ्लश जाणवतो, दोन्ही बाजूंनी तुम्हीच सापडता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. वाफांवर अल्कोहोलचा परिणाम सगळ्या बायकांत सारखा नसतो. अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत, काहींमध्ये पिणाऱ्या बायकांना वाफा जास्त दिसल्या, काहींमध्ये अगदी थोडं पिणाऱ्यांना कमीसुद्धा दिसल्या. त्यामुळे "वाईन सोडा, वाफा बंद" असं मी तुम्हाला लिहून देणार नाही. झोपेचं मात्र तसं नाही, तिथे मला शंका नाही. आणि वाफांचं तुमच्या बाबतीत काय आहे हे तुम्ही स्वतः तीन आठवड्यांत शोधून काढू शकता, ते कसं ते खाली सांगते.

आधी "वाईन म्हणजे दारू नाही" याचं बघू. वाईन, बियर, व्हिस्की, सगळ्यात जे चढतं ते एकच रसायन आहे, आणि लिव्हरला बाटलीवरचं लेबल दिसत नाही, त्याला ग्रॅम दिसतात. आणि बाईच्या शरीरात तेवढ्याच ग्रॅमचा असर पुरुषापेक्षा जास्त होतो, कारण अल्कोहोल पाण्यात पसरतं आणि आपल्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, वय वाढेल तसं आणखी कमी होत जातं. म्हणून पस्तिशीत जे दोन ग्लास सहज पचायचे तेच आता जड जातात, तुम्ही काही चुकीचं केलं नाहीये, ग्लास तेच आहेत पण ते ज्यात ओतले जातायत ते शरीर बदललंय.

आणखी एक, तुमचा ग्लास खरंच १५० मिलीचा आहे का? घरी ओतताना कुणी मोजत नाही. एकदा नेहमीसारखी ओता आणि मग मोजमापाच्या कपात काढून बघा, माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींचा "एक ग्लास" २०० मिलीचा निघतो. तसं असेल तर दोन ग्लास म्हणजे २८ नाही, ३८ ग्रॅम, आणि ते संपायला सहा तासांच्या आसपास. मग जाग दोनच्या ऐवजी तीन-साडेतीनला येईल, एवढंच.

हे ग्रॅम मी एवढे उगाळतेय कारण आता हाडांकडे यायचंय, आणि तिथे हाच आकडा कामाला येतो.

उणे १.९ म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाड विरळ व्हायला लागलंय पण ऑस्टिओपोरोसिसची रेषा उणे २.५ ला आहे, तिथे तुम्ही पोचलेल्या नाही. हाड ही भिंतीसारखी कायमची गोष्ट नसते, त्यात एका प्रकारच्या पेशी जुनं हाड पोखरून काढत असतात आणि दुसऱ्या प्रकारच्या तिथे नवीन भरत असतात, आयुष्यभर. इस्ट्रोजेन पोखरणाऱ्यांना लगाम घालून ठेवायचं. ते गेलं की पोखरणं वेगाने होतं आणि भरणाऱ्या मागे पडतात, म्हणून पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं हाडांसाठी सगळ्यात वाईट, काही बायकांचं या काळात वीस टक्क्यांपर्यंत हाड कमी होतं. मणक्यात आधी दिसतं कारण मणक्याच्या आतलं हाड जाळीदार असतं. तुम्ही सध्या बरोब्बर या वर्षांत आहात.

रोजचं जास्त अल्कोहोल इथे उलट्या बाजूने घाव घालतं, भरणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. वर व्हिटॅमिन डी ला उपयोगी रूप मिळण्याची सुरुवात लिव्हरमध्येच होते, आणि लिव्हरलाच दारूने त्रास झालेला असेल तर ते काम नीट होत नाही, कॅल्शियम लघवीवाटे जास्त जातं, ताणाचं हॉर्मोन कॉर्टिसोल वाढतं जे हाडांचा जुना शत्रू आहे. म्हणजे एका बाजूने पोखरणं वाढलंय आणि दुसऱ्या बाजूने भरणं कमी झालंय. हाडाचं नुकसान इथे दुप्पट वेगाने होतं असं मी म्हणत नाही, पण भरपाईची शक्यता कमी होते हे नक्की.

इथेही पूर्ण खरं सांगायचं तर अगदी कमी पिणाऱ्या, म्हणजे दिवसाला एखादा छोटा ग्लास किंवा त्याहून कमी घेणाऱ्या बायकांची हाडं स्कॅनमध्ये वाईट दिसलेली नाहीत, काही अभ्यासांत उलट थोडी चांगली दिसली. तुमची कुणीतरी मैत्रीण हे वाचून तुम्हाला पाठवेल म्हणून आधीच सांगून ठेवते. ते तुम्हाला लागू होत नाही, कारण प्रश्न प्रमाणाचा आहे. फ्रॅक्चरचा धोका मोजायला जगभरात डॉक्टर एफ-रॅक्स नावाचं कॅल्क्युलेटर वापरतात, त्यात अल्कोहोलचा एकच हो-नाही प्रश्न असतो, रोज तीन किंवा जास्त युनिट घेता का? एक युनिट म्हणजे देशानुसार ८ ते १० ग्रॅम. आता तुमचे २८ ग्रॅम भागून बघा. तीन युनिट. "दोनच ग्लास" म्हणून जे हलकं वाटत होतं ते बरोब्बर त्या रेषेवर बसलंय, आणि ग्लास २०० मिलीचा असेल तर रेषेच्या पलीकडे. तुम्ही "कधीतरी" म्हणालात तेव्हा तिथे "नाही" भरलं गेलं असणार, म्हणजे तुमच्या धोक्याचा जो आकडा निघाला असेल तो खऱ्यापेक्षा कमी आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती, त्या डॉक्टरांना परत भेटा आणि ग्रॅममध्ये किंवा मिलीमध्ये सांगा. लाज वाटेल हे मला माहितीये, पण आम्ही हे रोज ऐकतो आणि आमच्या डोक्यात फक्त आकडा जातो.

आणि हाड मोडतं ते फक्त विरळ झाल्यामुळे नाही, पडल्यामुळे मोडतं. रात्री दोनला, अर्धवट झोपेत, घामाने भिजलेली, बाथरूमला जायला झटकन उठलेली बाई, जिचा रक्तदाब अल्कोहोलमुळे उभं राहिल्यावर खाली येऊ शकतो आणि पायही थोडे लटपटू शकतात. पन्नाशीत पडताना माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं, या वयाचं हे ठरलेलं फ्रॅक्चर आहे. त्यामुळे काहीही ठरवायच्या आधी, आज रात्रीपासून, बाथरूमच्या वाटेवर मंद दिवा चालू ठेवा आणि उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मग उभ्या राहा.

आता तीन आठवड्यांचं. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा आणि खरं उत्तर द्या. संध्याकाळी ग्लास हातात घ्यायच्या आधी हात थरथरतात का, घाम येतो का, जीव कासावीस होतो आणि पहिल्या काही घोटांत ते थांबतं का? सकाळीही घ्यावीशी वाटते का? यातलं काही "हो" असेल, किंवा मोजल्यावर प्रमाण तुम्हाला वाटत होतं त्याच्या कितीतरी पुढे निघालं, तर एकदम बंद करू नका. शरीराला सवय लागलेली असताना अचानक तोडलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. अशा बायकांचा रात्रीचा घामही कधीकधी मेनोपॉजचा नसून दारू उतरण्याचाच असतो. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्या गटात वाटत नाही, पण मी समोर बसून बघितलेलं नाही म्हणून विचारलं.

तसं काही नसेल तर पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त वहीत लिहा. किती मिली घेतली, शेवटचा घोट किती वाजता, जाग किती वाजता, वाफ आली की नाही, कपडे बदलावे लागले का, परत झोप किती वेळाने लागली. एवढंच, जास्त लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल. दुसरा आणि तिसरा आठवडा अल्कोहोल पूर्ण बंद आणि नोंदी तशाच चालू.

आणि आता जी भीती तुम्ही लिहिलीये तिच्याबद्दल. पहिल्या तीन-चार रात्री झोप उशिरा लागेल, कदाचित खूपच उशिरा, आणि स्वप्नं फार पडतील, विचित्र पडतील, कारण वर्षभर दाबून ठेवलेली स्वप्नांची झोप मोकळी होते. इथेच बहुतेक जणी हरतात, त्यांना वाटतं बघा वाईनशिवाय आपल्याला झोप येतच नाही, आणि पाचव्या रात्री बाटली परत उघडते. ते वाईनच्या गरजेचं लक्षण नाही, मेंदू स्वतःचं संतुलन परत लावत असतो त्याचं आहे. म्हणून पहिल्या पाच रात्रींवरून काहीही ठरवायचं नाही, तुलना करायची ती पहिल्या आठवड्याची तिसऱ्या आठवड्याशी. आणि या रात्रींमध्ये झोपेची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, वाईन आणि झोपेची गोळी एका रात्रीत तर कधीच नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतात.

तिसऱ्या आठवड्यात वहीत तीनपैकी एक चित्र दिसेल. जाग कमी झाली आणि वाफाही कमी झाल्या, मग तुमच्यासाठी अल्कोहोल हा मोठा ट्रिगर होता. जाग कमी झाली पण वाफा तेवढ्याच, मग वाईनने झोप मोडत होती आणि वाफांचं कारण मेनोपॉजचं आहे, त्यावर वेगळे उपचार घ्यायचे. किंवा काहीच बदललं नाही, तर दुसरं काहीतरी शोधायला हवं, थायरॉइड तपासायला हवं, आणि शेजारी झोपणाऱ्याला विचारा की तुम्ही घोरता का, मध्येच श्वास थांबतो का. पाळी गेल्यावर स्लीप अॅप्नियाचं प्रमाण बायकांत वाढतं आणि तो वर्षानुवर्षं "मेनोपॉजची झोपमोड" म्हणून खपून जातो. घामाबरोबर ताप असेल, वजन आपोआप उतरत असेल, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थोडंही रक्त दिसलं तर वही वगैरे बाजूला ठेवून लगेच दाखवायचं.

पुढे कधी परत घ्यावीशी वाटली तर? मी रोज नको म्हणेन, आणि घेतलीच तर मोजून एक, लवकर, झोपायच्या तीन-चार तास आधी, म्हणजे १४ ग्रॅम झोपेआधीच बरेचसे संपलेले असतील. झोपेसाठी म्हणून मात्र पुन्हा नाही. वाफा सरासरी सात वर्षांच्या आसपास टिकतात आणि झोप आणण्याचा अल्कोहोलचा गुण काही रात्रींतच बोथट होतो, म्हणून तेवढ्याच झोपेसाठी ग्लास वाढत जातात. आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी प्रमाणातल्या रोजच्या अल्कोहोलनेही थोडा वाढतो, हेही या हिशोबात धरा.

डॉक्टरांकडे ती वही घेऊन जा. वाफा उरल्या असतील तर हॉर्मोन थेरपीबद्दल विचारा, ती योग्य बाईला दिली तर वाफांवर सगळ्यात जास्त गुणकारी आहे आणि हाडही राखते. ज्यांना ती चालत नाही त्यांच्यासाठी हॉर्मोनविना औषधंही आहेत. फक्त हे बोलताना दारूचं खरं सांगा, कारण इस्ट्रोजेनची गोळी चालू असताना अल्कोहोल घेतलं तर रक्तातलं इस्ट्रोजेन काही तास बरंच वर जातं, आणि गोळी द्यायची की कातडीवर चिकटवायचा पॅच हे ठरवताना डॉक्टरांना ते माहिती असावं लागतं. व्हिटॅमिन डी ची तपासणी करून घ्या, कॅल्शियम जेवणातून आणि गरजेपुरतं गोळीतून मिळून दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलायचे व्यायाम, कुणाकडून तरी नीट शिकून, कारण हाडाला ओझं मिळालं की भरणाऱ्या पेशींना काम मिळतं.

हाडांचा स्कॅन मात्र तीन महिन्यांनी परत करायला धावू नका. हाड इतकं सावकाश बदलतं की एवढ्या काळातला फरक मशीनच्या स्वतःच्या चुकीतच बुडून जातो, डॉक्टर सांगतील तसं एक-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशीनवर. झोपेचं उत्तर तुम्हाला तिसऱ्या आठवड्यात मिळेल. मिळालं की मला कळवा, जाग येण्याच्या वेळेसकट.